सांडपाण्याचं ऑडिट: कन्सेंट, लॉगबुक आणि प्रत्यक्ष विसर्ग यांचा ताळा कसा घ्यावा

रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांत सांडपाण्याचं ऑडिट बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होतं. फाइल उघडायची, लॅबचा रिपोर्ट कन्सेंटमधल्या, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीतल्या, मर्यादेशेजारी ठेवायचा आणि बरोबरची खूण करायची. यातून एवढंच कळतं की त्या दिवशी त्या बाटलीत भरलेलं पाणी ठीक होतं. कारखान्यातून एकूण पाणी किती बाहेर पडलं आणि ते सगळं बाटली भरली त्याच ठिकाणाहून गेलं का, हे मात्र कळत नाही. ऑडिटचा खरा प्रश्न तर तोच आहे.

म्हणून इथे पॅरामीटरपेक्षा पाण्याच्या मात्रेवर भर दिला आहे. समजण्यासाठी एक नमुना कारखाना धरू: रबाळे एमआयडीसीतला, डाय इंटरमीडिएट, म्हणजे रंग बनवायला लागणारी रसायनं, तयार करणारा. कन्सेंटप्रमाणे ईटीपीतून, म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून, रोज ३० घनमीटर पाणी, म्हणजे ३० सीएमडी, पावण्याच्या सीईटीपीकडे, म्हणजे सगळ्या कारखान्यांच्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडे, सोडायला परवानगी आहे. हाय टीडीएसचं, म्हणजे खूप क्षार विरघळलेलं, १५ सीएमडी पाणी एमईई या बाष्पीभवन यंत्रात आटवायचं आहे. लॉगबुकात रोजचा विसर्ग २८ सीएमडी लिहिलेला आहे. कागदावर सगळं ठीक दिसतं. आकडे हिशोब सोपा राहावा म्हणून गोल केले आहेत.

## १. चालू कन्सेंटच हातात घ्या

कारखान्यात कन्सेंटच्या तीन-चार प्रती सापडतात आणि फाइलमध्ये सगळ्यांत वर असते ती चालू असेलच असं नाही. नूतनीकरण, मध्येच केलेली दुरुस्ती, उत्पादन वाढवण्यासाठी घेतलेला कन्सेंट टू एस्टॅब्लिश, म्हणजे उभारणीची परवानगी, सगळं तारखेच्या क्रमाने लावा आणि आज कोणता कागद लागू आहे ते आधी ठरवा.

मग त्यातल्या फक्त चार गोष्टी एका कागदावर उतरवून घ्या: मंजूर उत्पादनं आणि त्यांची मात्रा, औद्योगिक सांडपाण्याची मात्रा, प्रत्येक प्रवाहाची विल्हेवाट कुठे लावायची ते, आणि लागू असलेली मानकं. घरगुती सांडपाण्याचा आकडा वेगळा दिलेला असतो. तो औद्योगिक पाण्यात मिसळू नका.

नेहमीची चूक: नदी-नाल्यात सोडण्याची सर्वसाधारण मानकं पाठ असतात, पाण्यातल्या प्रदूषणामुळे किती ऑक्सिजन खर्च होतो ते सांगणारे बीओडी लिटरला ३० आणि सीओडी २५० मिलिग्रॅम, म्हणून तीच लावली जातात. तुमचं पाणी सीईटीपीकडे जात असेल तर मानकं वेगळी असू शकतात. आणि काही कन्सेंटमध्ये ती सर्वसाधारण मानकांइतकीच किंवा त्याहून कडकही असतात. आठवणीवर विसंबू नका, कागद वाचा.

तपासणी: उत्पादनांची यादी गेल्या तीन महिन्यांच्या बॅच कार्डांशी लावून पाहा. यादीत नसलेला माल बनत असेल तर त्याचं पाणीही कोणत्याच हिशोबात धरलेलं नसतं.

## २. लॉगबुक उघडण्याआधी गटारं फिरा

हे काम पहिल्याच दिवशी सकाळी, तेही नोव्हेंबर ते मे या काळात करावं. आपल्याकडे त्या महिन्यांत पाऊस नसतो, म्हणजे पावसाळी गटार कोरडं असायला हवं. ते ओलं असेल तर पाणी कुठून तरी येतं आहे, आणि ते कुठून याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. जूननंतर हीच पाहणी केली तर काहीच सिद्ध होत नाही.

सोबत पीएच पट्ट्या, हातात धरायचा कंडक्टिव्हिटी मीटर, टॉर्च आणि ड्रेनेजचा नकाशा घ्या. नकाशा आहे तसा मानू नका, प्रत्येक चेंबरचं झाकण उघडायला लावा. ईटीपीकडे जाणारी लाइन आणि पावसाळी लाइन जवळ येतात ती ठिकाणं, टाक्यांचे ओव्हरफ्लो पाइप, टँकर भरण्याची जागा आणि कंपाउंडलगतचं शेवटचं चेंबर यांच्यावर जास्त वेळ घालवा.

आपल्या नमुना कारखान्यात दोन गोष्टी दिसतात. कूलिंग टॉवरजवळच्या पावसाळी चेंबरमध्ये मे महिन्यातही पाण्याची बोटभर धार आहे. आणि हाय टीडीएस कलेक्शन टाकीमागच्या चेंबरच्या भिंतीवर पांढऱ्या क्षारांचे थर आहेत. खालचे थर जुने, पिवळट आणि घट्ट आहेत, वरचा ओलसर आहे आणि नखाने निघतो. थर ओला आहे याचा अर्थ पाणी अलीकडेच येऊन गेलं आहे.

पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारा कंडक्टिव्हिटी मीटर इथे फार कामाला येतो. कूलिंग टॉवरचं पाणी चार सायकलवर, म्हणजे त्यातले क्षार चौपट होईपर्यंत, चालत असेल तर त्याच्या ब्लोडाउनची, म्हणजे क्षार आणखी वाढू नयेत म्हणून बाहेर सोडलेल्या पाण्याची, कंडक्टिव्हिटी एमआयडीसीच्या पाण्याच्या साधारण चौपट असते, दहापट नाही. चेंबरमधलं रीडिंग चौपटीच्या आसपास असेल तर ते ब्लोडाउन आहे, आणि आपल्या नमुना कारखान्यात कूलिंग टॉवरजवळ तसंच निघतं. त्याहून कितीतरी जास्त, हजारो मायक्रोसिमेन्सच्या घरात असेल तर ते पाणी प्रोसेसचं आहे.

सावधान: चेंबरमध्ये किंवा सम्पमध्ये कुणालाही उतरवू नका. सल्फाइड असलेल्या सांडपाण्यात आम्ल मिसळलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि जास्त प्रमाणात असला की नाकाला त्याचा वासही येईनासा होतो. नमुना दोरीला बांधलेल्या बादलीने वरूनच घ्या.

फिरताना ऑपरेटरशी बोला, पण त्याला पिंजऱ्यात उभं केल्यासारखे प्रश्न विचारू नका. "दादा, टाकी भरली की तुम्ही काय करता?" या प्रश्नाला जितकं खरं उत्तर मिळतं तितकं "बायपास आहे का?" या प्रश्नाला कधीच मिळत नाही. टाकी भरण्याची वेळ त्याच्यावर रोज येते. तिची व्यवस्था केली नाही ती वरच्यांनी.

## ३. पाण्याचा हिशोब मांडा

सुरुवात एमआयडीसीच्या पाणीबिलापासून करा, कारण हा आकडा ईटीपी विभाग लिहीत नाही. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर तेही धरा. टँकरचा पत्ता अकाउंट्सच्या बिलांतून लागतो.

नमुना कारखान्याचं बिल तीस दिवसांच्या महिन्याला ३,३०० घनमीटर, म्हणजे रोजचं ११०. त्यातून एकेक वापर वजा करत जायचं.

पिणं, कँटीन, संडास मिळून १०. त्याची लाइन वेगळी आहे, सध्या बाजूला ठेवा.

बॉयलरला १४, त्यातलं ३ ब्लोडाउन म्हणून बाहेर येतं आणि उरलेलं वाफ होऊन उडतं. पण वाफ थेट रिअॅक्टरमध्ये सोडत असाल तर ती उडत नाही, सांडपाणी होऊनच परत येते. हे विचारायला विसरू नका.

कूलिंग टॉवरला ४०. इथे "सगळं बाष्पीभवन" असं उत्तर मिळतं, ते ताडून पाहता येतं. फिरणाऱ्या पाण्याचं तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरलं की त्यातलं एक टक्का पाणी उडतं. इथे ताशी १६० घनमीटर पाणी फिरतं आणि ५ अंश उतरतं. म्हणजे ताशी सव्वा घनमीटरच्या आसपास, दिवसाला ३०. उरलेलं १० ब्लोडाउन. चार सायकलला ब्लोडाउन बाष्पीभवनाच्या एक तृतीयांश असतं, म्हणजे हाही आकडा बसतो.

प्रोसेस आणि धुण्याला उरलं ४६. त्यातलं २ ओल्या मालाबरोबर ड्रायरमध्ये उडतं. राहिलं ४४. बॅच कार्डांवरून मदर लिकर, म्हणजे माल गाळून घेतल्यावर उरलेलं क्षारांचं पाणी, किती ते काढा: रोज ५ बॅच, प्रत्येकी ३ घनमीटर, म्हणजे हाय टीडीएस पाणी १५. उरलेलं २९ साधं, ईटीपीचं.

आता ईटीपीतून किती बाहेर पडायला हवं? साधं पाणी २९, दोन्ही ब्लोडाउन मिळून १३, आणि एमईईने १५ आटवलं तर त्याच्या वाफेचं थंड होऊन परत आलेलं पाणी, म्हणजे कंडेन्सेट, साधारण १२. एकूण ५४. लॉगबुकात आहे २८.

नेहमीची चूक: मोठी तफावत दिसली की कुणीतरी "बागेला वापरतो" म्हणतं आणि ऑडिटर ते लिहून घेतो. बागेचं क्षेत्रफळ मोजा आणि बागेकडे जाणाऱ्या लाइनला मीटर आहे का ते पाहा. पावसाळ्यातल्या महिन्यांतही बागेला तेवढंच पाणी लिहिलेलं असेल तर तो आकडा धरू नका.

पाच टक्क्यांपर्यंतच्या तफावतीसाठी मी कुणाला धारेवर धरणार नाही. मीटर आणि अंदाज मिळून तेवढी चूक होते. इथे मात्र जवळजवळ निम्मं पाणी नाहीसं झालं आहे.

## ४. मीटर खरं बोलतं का ते पाहा

फ्लोमीटरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र पाहून पुढे जाऊ नका. इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटरला पाइप पूर्ण भरलेला लागतो आणि मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या निदान पाचपट सरळ नळी लागते. एल्बोला चिकटून किंवा अर्धवट भरलेल्या पाइपवर बसवलेलं मीटर प्रमाणपत्र असूनही चुकतं.

त्याची परीक्षा टाकीवरच होते. शेवटच्या ट्रीटेड टाकीची लांबी-रुंदी स्वतः मोजा. टाकीत येणारं पाणी बंद करा, पंप चालू करा आणि अर्ध्या तासात पातळी किती उतरली ते पट्टीने पाहा. नमुना कारखान्याची टाकी ४ बाय ३ मीटर आहे. पातळी २५ सेंटीमीटर उतरली, म्हणजे ३ घनमीटर पाणी गेलं. मीटर पुढे सरकलं अडीचने.

म्हणजे मीटर कमी दाखवतं. लॉगबुकातले २८ प्रत्यक्षात ३४ च्या जवळ जातात. एक मुद्दा इथेच नोंदवून ठेवा: कन्सेंट ३० चा आहे, म्हणजे सीईटीपीकडे जाणारं पाणीसुद्धा मंजुरीपेक्षा जास्त आहे.

तपासणी: चाचणी दोनदा करा. दोन वेळचे आकडे जुळले नाहीत तर येणारा व्हॉल्व्ह गळतो आहे. आधी तो बंद करून घ्या.

कूलिंग टॉवरचं १० सीएमडी ब्लोडाउन दुसऱ्या टप्प्यात सापडलंच आहे: ते ईटीपीत येतच नाही, पावसाळी गटारात जातं. ३४ आणि १० मिळून ४४. हवे होते ५४. अजून १० कुठे आहेत?

## ५. मिठाचं वजन विचारा

हा टप्पा बहुतेक ऑडिटांमध्ये गाळला जातो, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त सांगून जातो तो हाच. लॉगबुकात लिहिलेलं पाणी कुणी पुन्हा मोजू शकत नाही. आटवलेल्या पाण्याचं मीठ मात्र मागे उरतं. ते पोत्यांत भरावं लागतं, वजन करून गाडीत चढवावं लागतं आणि मॅनिफेस्टवर, म्हणजे घातक कचऱ्याच्या वाहतुकीच्या चिठ्ठीवर, तळोज्याच्या किंवा महापेच्या सामायिक घातक कचरा सुविधेकडे पाठवावं लागतं. तिथल्या वजनकाट्याची पावती कारखान्याच्या हातातली नसते.

हिशोब सरळ आहे. हाय टीडीएस पाण्यात लिटरला ६० ग्रॅम क्षार, म्हणजे घनमीटरला ६० किलो. रोज १५ घनमीटर आटवलं तर ९०० किलो मीठ, महिन्याला २७ टन. मॅनिफेस्टांची बेरीज येते ९ टन.

लगेच निष्कर्षावर उडी मारू नका. मीठ गोदामात पडून असू शकतं, तेव्हा पोती मोजा. घातक कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, म्हणून तिथे महिनोन्‌महिन्यांचा ढीग असेल तर तो वेगळा दोष ठरतो. पाणीच टाकीत साठलं असू शकतं, तेव्हा महिन्याच्या सुरुवातीची आणि शेवटची पातळी पाहा. आणि ६० हा आकडा एकाच बाटलीवरून घेतलेला नको, वेगवेगळ्या बॅचचे चार-पाच नमुने घेऊन त्यांची सरासरी काढा.

नमुना कारखान्यात गोदामात थोडीच पोती आहेत. कलेक्शन टाकी ६० घनमीटरची, तिच्यात महिन्याचं ३०० घनमीटर मावणं शक्य नाही. म्हणजे एमईईतून रोज १५ नाही, ५ च जातं. मीठ ओलं असेल तर त्याहूनही कमी, कारण काट्यावर पाण्याचंही वजन धरलं जातं. एमईईच्या वाफेची नोंद आणि पंपांचे वीज युनिट पाहिले की हेच पुन्हा दिसेल.

आता तिसऱ्या टप्प्यातला हिशोब दुरुस्त करा. एमईई ५ च आटवत असेल तर कंडेन्सेट १२ नाही, ४ येतं. ईटीपीचं अपेक्षित पाणी ५४ वरून ४६ होतं. सापडलेलं ४४. उरलेला २ चा फरक मोजमापाच्या चुकीत बसतो.

म्हणजे साध्या पाण्याचा ताळा जुळला. न जुळणारं पाणी आहे ते सगळ्यांत वाईट: रोजचं १० घनमीटर हाय टीडीएस पाणी, ज्याची वाट कोणत्याच कागदावर नाही. आणि कलेक्शन टाकीमागच्या चेंबरवर क्षारांचा ओला थर आहे. त्या टाकीच्या ओव्हरफ्लोमध्ये फ्लुओरेसीनचा रंग सोडा आणि कंपाउंडलगतच्या शेवटच्या चेंबरवर माणूस उभा करा. रंग तिथे निघाला की वाट सिद्ध झाली. पण ही चाचणी कंपाउंडबाहेर पाणी जाऊ न देता करायची आहे. आधी त्या चेंबरचा बाहेरचा पाइप वाळूच्या पोत्यांनी बंद करा आणि साचलेलं पाणी पंपाने परत टाकीत घ्या.

## ६. आता लॉगबुक वाचा

इतकं झाल्यावर लॉगबुक वेगळं दिसू लागतं. त्यातले आकडे मर्यादेत आहेत का हा प्रश्न मागे पडतो. हे आकडे चालू यंत्राकडे पाहून लिहिलेत का, हे आता शोधायचं असतं.

यासाठी ठरावीक दिवस निवडा: दिवाळीची सुट्टी, एमआयडीसीने पाणीपुरवठा बंद ठेवला तो दिवस आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, लांबलेलं वीज खंडन. साठवण टाकीतल्या साठ्यावर विसर्ग एखादा दिवस चालू राहू शकतो, पण उत्पादन बंद असताना चार दिवस सलग २८ येणं शक्य नाही. ईटीपीच्या वीजमीटरचे युनिट शेजारी ठेवा. ब्लोअर बंद आणि पाणी शुद्ध, या दोन नोंदी एकत्र टिकत नाहीत.

ऑनलाइन मॉनिटरिंग असेल तर त्याचे तासातासाचे आकडे मागवा, महिन्याची सरासरी घेऊ नका. खरी पीएच रेषा थोडी हलत राहते. ती तासन्‌तास ७.२ वर सरळ असेल तर सेन्सर वाहत्या सांडपाण्यात आहे की साध्या पाण्याच्या भांड्यात, हे जाऊन डोळ्यांनी पाहा.

शेवटी, दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायच्या पर्यावरण विवरणातला, म्हणजे फॉर्म पाचमधला, पाणीवापर आणि ३० जूनपर्यंतच्या घातक कचऱ्याच्या वार्षिक विवरणातलं मीठ-स्लज हे दोन आकडे शेजारी ठेवा. दोन वेगळ्या माणसांनी भरलेले हे कागद एकमेकांशी सहसा कुणी लावून पाहिलेले नसतात.

सावधान: चुकीची नोंद सापडली की ती दुरुस्त करायला सांगू नका. मागची तारीख टाकून लिहिलेलं पान मूळ चुकीपेक्षा मोठा गुन्हा ठरू शकतं. नोंद आहे तशी ठेवा, तिचा फोटो घ्या आणि खरी स्थिती आजच्या तारखेने वेगळी लिहा.

## ७. नमुने: सगळ्यांत शेवटी, पण नीट

पाणी कुठून बाहेर जातं हे कळल्यावरच नमुन्याची जागा ठरते, म्हणून हा टप्पा इथे. सीईटीपीच्या जोडणीआधीच्या चेंबरवर चोवीस तासांचा कंपोझिट नमुना घ्या, दर तासाचं पाणी त्या तासाच्या प्रवाहाच्या प्रमाणात मिसळून. सकाळी अकराला भरलेली एक बाटली फक्त सकाळी अकराचीच स्थिती सांगते.

बाटल्या वेगळ्या ठेवा. सीओडीच्या नमुन्यात सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणतात. तीच बाटली बीओडीला वापरली तर सूक्ष्मजीव मरतात आणि बीओडी सुंदर येतो. बीओडीचा नमुना आम्लाशिवाय, बर्फात, त्याच दिवशी लॅबमध्ये पोचला पाहिजे. तेल-ग्रीससाठी काचेची रुंद तोंडाची बाटली घ्या, ती नमुन्याने विसळू नका आणि थेट धारेतच भरा, कारण तेल भिंतीला चिकटतं. दुसऱ्या भांड्यातून ओतलेल्या नमुन्यात तेल हमखास कमी येतं.

क्लोराइड खूप असेल तर तो सीओडी खोटाच वाढवतो. लॅबला आधी सांगा, म्हणजे ते मर्क्युरिक सल्फेटची मात्रा त्याप्रमाणे ठरवतील.

लक्षात ठेवा: हे नमुने कारखान्याच्या स्वतःच्या माहितीसाठी आहेत. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मंडळाचा अधिकारी नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद नमुना घेतो, त्याची जागा हे घेऊ शकत नाहीत.

## ८. निष्कर्ष आणि कामाचा क्रम

अहवालात प्रत्येक दोष तीन ओळींत लिहा: कन्सेंट काय म्हणतो, नोंद काय म्हणते, प्रत्यक्ष काय आढळलं आणि कसं मोजलं. "ईटीपीची देखभाल सुधारावी" अशी वाक्यं लिहू नका, त्यावर कुणी काही करत नाही.

नमुना कारखान्यात क्रम असा लागेल. हाय टीडीएस टाकीचा ओव्हरफ्लो त्याच दिवशी कापून ब्लँक करायचा. रोज ५ च घनमीटर आटवता येत असेल तर उत्पादनही तेवढ्याच पाण्याचं, म्हणजे एमईई दुरुस्त होईपर्यंत पाच बॅचच्या जागी एक, फार तर दोन. हे व्यवस्थापनाला पटवणं सगळ्यांत अवघड जातं, पण पाइप बंद केला आणि बॅच चालूच ठेवल्या तर चार-पाच दिवसांत टाकी पुन्हा तोंडापर्यंत भरते आणि कुणीतरी नवी वाट काढतं.

त्यानंतर ब्लोडाउन ईटीपीत वळवायचं. पण तसं केलं की सीईटीपीकडे जाणारं पाणी ३४ वरून ४४ होतं आणि कन्सेंट ३० चाच आहे. तेव्हा वळवण्याआधी पाणी कमी करण्याचं किंवा कन्सेंट वाढवून घेण्याचं काम हाती घ्यावं लागेल. सगळं कंडेन्सेट आणि ट्रीटेड पाण्याचा काही भाग कूलिंग टॉवरला देता आला तर एमआयडीसीचं पाणी आणि विसर्ग दोन्ही घटतात, फक्त त्याचा टीडीएस टॉवरला झेपेल का ते आधी तपासून घ्या. फ्लोमीटर सरळ नळीवर हलवून पुन्हा टाकीची चाचणी करायची, तीही व्यवस्थापनाच्या माणसासमोर.

दुरुस्तीनंतर पुढच्या दोन पाणीबिलांवर तिसरा आणि पाचवा टप्पा पुन्हा करा. मीठ २७ टनांच्या जवळ आलं, किंवा बॅच कमी केल्या असतील तर त्या प्रमाणात आलं, तरच एमईई खरोखर चालतं असं माना. आणि कूलिंग टॉवरजवळचं ते पावसाळी चेंबर पाऊस सुरू होण्याआधी एकदा उघडून पाहा. ते कोरडं असायला हवं.